हिमोग्लोबिन चांगलं, तरी पाय का वळवळतात?

रात्रीचे साडेआठ. जेवणं आटोपलीत, टीव्ही सुरू आहे. चव्वेचाळीस वर्षांची ही शिक्षिका आता सोफ्यावर टेकली आहे. दिवसभर वर्गात उभी होती, तेव्हा पायांची काही तक्रार नव्हती. बसून दहा मिनिटं होत नाहीत तोच पोटऱ्यांत आतून काहीतरी सरपटायला लागतं. कातडीवर नाही, खोल आत. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावलं टाकली की थांबतं, परत बसलं की पुन्हा सुरू.

घरच्यांचं उत्तर ठरलेलं: "पाय हलवू नकोस, वाईट सवय आहे."

हे पात्र आम्ही या चित्रफितीसाठी उभं केलंय. तक्रार मात्र डॉक्टरांच्या ओळखीची आहे. तिला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी 1945 मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून काही जण तिला एकबोमच्या नावानेही ओळखतात.

ओळखायची कशी? पाय हलवण्याची अनावर ओढ, ती बसल्या-पडल्या वाढणं, हलल्यावर कमी होणं आणि संध्याकाळी किंवा रात्री जास्त होणं, या चारही गोष्टी एकत्र लागतात. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि दुखतो. इथे तसं होत नाही. मधुमेहात पायांची जळजळ होते, पण चालल्याने ती सहसा थांबत नाही.

शिक्षिकेने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 12.2. "नॉर्मल आहे," असं ऐकून ती घरी आली. खरी गफलत होते ती इथे.

शरीराला लोह कमी पडायला लागलं की आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन बरंच नंतर उतरतं. तो साठा दाखवणारी तपासणी म्हणजे फेरिटिन. हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामिन हे रसायन मेंदूत तयार होताना लोह लागतं. या आजारात मेंदूतलं लोह कमी असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, आणि कधीकधी रक्तातलं लोह पुरेसं असतानाही. लोह आणि डोपामिन, दोन्हींची पातळी दिवसभरात वरखाली होते आणि रात्री उतरते. म्हणून संध्याकाळ जड जाते.

दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन सांगितलं. सकाळी, उपाशीपोटी. आकडा आला 16. अनेक लॅबच्या कागदावर हाही 'नॉर्मल'च्या रकान्यात बसतो. पण या आजारात फेरिटिन 75 किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. एक सावधगिरी: ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटंच वर जातं, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे, तेही बघतात.

मग लोह गेलं कुठे? पाळीत बरेच महिने जास्त रक्त जात होतं, आणि ती त्याला वयाचा भाग समजत होती. त्याचा इलाज वेगळा सुरू झाला. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पोटातून कुठे रक्त जातंय का, हे आधी बघावं लागतं.

लोहाची गोळी एक दिवसाआड, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि दूध त्यानंतर दोन तासांनी, कारण दोन्ही लोह शोषू देत नाहीत. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने लोह खाऊ नये. थॅलेसेमियासारख्या काही आजारांत ते शरीरात साचतं.

तिच्या औषधांच्या डब्यात आणखी एक गोष्ट सापडली: सर्दीची गोळी. तिच्यातलं क्लोरफेनिरामिन झोप आणतं, पण पायांची वळवळ वाढवू शकतं. काही नैराश्याची औषधं आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही तसंच करतात. डॉक्टरांना हे सांगायचं. गोळी आपणच बंद करायची नाही.

झोपेच्या बाबतीत तिने दोनच बदल केले. दुपारनंतरचा चहा सोडला, आणि सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तीच ठेवली. संध्याकाळी अर्धा तास चालणं होतंच. टीव्हीसमोर आता ती विणकाम घेऊन बसते; हात आणि डोकं गुंतलं की पाय जरा गप्प राहतात. झोपण्याआधी कोमट पाण्याने शेक आणि पोटऱ्यांना मालिश. वळवळ सुरू झालीच, तर अंथरुणात तळमळत न पडता ती उठून फिरते.

तीन महिन्यांनी फेरिटिन 43. आठवड्यातल्या काही रात्री बऱ्या जातात, काही नाही. गोळ्या अजून चालू आहेत. पोटाला त्या सोसल्या नाहीत किंवा साठा वाढलाच नाही, तर शिरेतून लोह देता येतं. तेही पुरलं नाही तर गॅबापेन्टिनसारखी औषधं आहेत. पूर्वी डोपामिनसारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्या सर्रास दिल्या जायच्या, पण काही वर्षांनी त्यांनीच अनेकांचा त्रास वाढतो, दुपारपासून सुरू होतो, कधी हातांतही पसरतो. तसं झालं तर डोस वाढवून मागू नका. गोळी हळूहळू कशी कमी करायची, ते डॉक्टरांना विचारा.