रीलमध्ये विद्यार्थ्याला बोलायला जागा ठेवा

नमस्कार. मला दिलेला विषय आहे, स्पोकन इंग्लिशच्या क्लासला रील्समधून प्रवेश कसे मिळवायचे. त्यावर मी बोलणारच आहे. पण बरेच दिवस एक गोष्ट मनात साठली आहे आणि एवढे क्लासचालक एका खोलीत पुन्हा कधी भेटतील सांगता येत नाही, म्हणून ती आधी बोलते.

रील म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या, आणि खडू-फळ्यावाले आपण सगळे हळूहळू कॅमेऱ्यासमोर आलो. सुरुवातीला मर्यादा १५ सेकंदांची होती, २०२५ मध्ये ती ३ मिनिटांपर्यंत गेली. आपल्या कामाला मात्र २०-२५ सेकंद भरपूर होतात. ते का, ते पुढे येईलच.

माझी तक्रार आहे ती 'हे बोलणं बंद करा' छापाच्या रील्सबद्दल. सर किंवा मॅडम बोट रोखून उभे असतात, भोंगा वाजतो, पडद्यावर लाल फुली येते. 'आय ॲम फाइन म्हणू नका. थँक यू म्हणू नका. आय डोन्ट नो तर मुळीच म्हणू नका.' आणि मग प्रत्येकाच्या बदल्यात एक भारदस्त वाक्य, जे जन्मात कोणी काउंटरवर उभं राहून बोलणार नाही. इथे कोणाकोणाची अशी रील आहे? हात वर करू नका, चहा अजून व्हायचा आहे. (हशा)

अहो, 'आय ॲम फाइन' हे शुद्ध इंग्रजी आहे. 'थँक यू' ला पर्याय शोधायची वेळ जगात कोणावर आलेली नाही. 'प्रीपोन'ची टिंगल करणाऱ्या रील्स मी पाहते. तो शब्द ऑक्सफर्डच्या कोशात भारतीय इंग्रजीतला म्हणून नोंदलेला आहे आणि आपल्या प्रत्येक ऑफिसात मीटिंग त्याच शब्दाने अलीकडे येते. जे चूक नाही त्याला चूक ठरवायचं आणि ऐकणाऱ्याच्या मनात धाकधूक पेरायची, हे शिकवणं नव्हे.

याचं काय होतं ते सांगते. माझ्याकडे एक ताई येतात, सहकारी बँकेत काउंटरवर असतात. कामात चोख. मुख्य कार्यालयातून इंग्रजीत फोन आला की त्या आधी निदान 'येस सर, आय विल चेक, थँक यू' एवढं बोलायच्या. हळूहळू तेही थांबलं. फोन वाजला की त्या शेजारच्या मुलाकडे देऊ लागल्या. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'मॅडम, मोबाइलवर रोज बघते, मी बोलते ते सगळंच चुकीचं असतं म्हणे. मग नकोच ना.' एका चांगल्या, उपयोगी, बरोबर वाक्याचा आत्मविश्वास फुकट घालवला गेला. त्यांना ते परत बोलतं करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी त्यांना दहा नवी वाक्यं दिली असती. मला या प्रकाराचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

बरं, या रील्स चालतात का? चालतात. 'मी तर असं बोलत नाही ना' या भीतीने माणूस शेवटपर्यंत थांबतो. पण अशा रीलचे इन्साइट्स उघडून बघा. कमेंट्स ढीगभर, आणि त्या लिहिणारे कोण? ज्यांना इंग्रजी येतं आणि सरांची चूक काढायची आहे ते. सेव्ह आणि शेअर बघितले तर हाताला काही लागत नाही. ज्याला गरज आहे तो घाबरून पुढे सरकलेला असतो.

त्यातही नोकरी करणाऱ्या बाईचं वागणं वेगळं असतं, ते नीट समजून घ्या. ती लाइक करत नाही, कारण तिने काय लाइक केलं ते ओळखीच्यांना दिसू शकतं. 'कमेंटमध्ये इंग्लिश लिहा, माहिती पाठवतो' असं तुम्ही म्हणता. पण ती लिहिणार नाही. तिचे साहेब, तिची नणंद, तिच्या हाताखालची मुलगी, सगळे तिथेच आहेत. ती गुपचूप सेव्ह करते, मैत्रिणीला पाठवते, आणि दोन-तीन आठवड्यांनी रात्री उशिरा मेसेज करते, 'फी किती?' आता या बाईसाठी रील कशी करायची, हा माझा आवडता मुद्दा.

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मुलाने बारा वर्षं इंग्रजी वाचलेलं आहे. नियम त्याला माहीत आहे, तोंडाला मात्र सवय नाही. 'व्हाय यू आर लेट' असं आपल्याकडे हमखास येतं, कारण मराठीत प्रश्न करताना वाक्याची रचना हलत नाही, 'का' घातला की झालं. इंग्रजीत क्रियापद आधी येतं हे फळ्यावर विचारलं तर सगळे सांगतील. बोलताना तेवढा विचार करायला वेळच नसतो. तेव्हा रीलमध्ये नियम सांगून काही होत नाही. वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडायला हवं. आणि त्यासाठी रीलमध्ये आपण गप्प बसायला हवं. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठी आहे.

एक रील उलगडून दाखवते. प्रसंग: आज ऑफिसातून चारला निघायचं आहे, साहेबांना विचारायचं आहे. मुली बहुधा म्हणतात, 'सर, आय वॉन्ट टू गो ॲट फोर.' व्याकरण ठीक आहे, पण ऐकायला हुकूम वाटतो. रील सुरू होते तीच मराठीतून, 'साहेबांना विचारायचंय, आज चारला निघू का?' नमस्कार नाही, क्लासचं नाव नाही, लोगो नाही. पहिले दोन सेकंद फक्त प्रसंग. मग अडीच सेकंद मी काहीच बोलत नाही. बघणारी मनात वाक्य जुळवते. मग मी म्हणते, 'सर, कुड आय लीव्ह ॲट फोर टुडे?' एकदा नेहमीच्या वेगाने, एकदा तुकडे पाडून. पुन्हा तीन सेकंद गप्प, आता तिने मोठ्याने म्हणायचं. मग साहेबांचा आवाज येतो, 'इज एव्हरीथिंग ओके?' कारण खऱ्या ऑफिसात साहेब हे विचारतातच, आणि पाठ केलेलं वाक्य तिथेच अडकतं. उत्तर: 'येस सर, आय हॅव टू टेक माय डॉटर टू द डॉक्टर.' परत थोडी जागा, थोडी जास्त, कारण वाक्य लांब आहे. संपली रील. २५ सेकंदांच्या आत. लगेच ती पहिल्यापासून सुरू होते, आणि दुसऱ्या फेरीत बघणारी माझ्या आधी बोलते.

इथे पहिली अडचण येते ती एडिटिंग करणाऱ्याची. त्याला शांतता दिसली की कात्री चालवायची सवय असते. काही ॲप तर शांत जागा आपोआप कापतात. माझ्याकडे आलेला मुलगा म्हणाला, 'मॅडम, इथे लोक पळतील.' त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. नुसती शांतता ठेवली, चेहरा गोठलेला, तर रिटेन्शनचा आलेख नेमका तिथे खाली येतो. म्हणून त्या जागेत काहीतरी हलतं ठेवा. आम्ही वाक्याखाली हळूहळू आखूड होणारी एक रेघ ठेवतो आणि मी कॅमेऱ्याकडे बघत मान डोलावते, वर्गात आपण विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट बघतो तशी. 'आता माझी पाळी' हे बघणाऱ्याला कळतं. पाच-सहा शब्दांच्या वाक्याला अडीच-तीन सेकंद पुरतात. पाच सेकंद ठेवले तर खरंच पळतात.

दुसरी अडचण आवाजाची. बाई ही रील एसटीत बघते, जेवणाच्या सुट्टीत बघते, आवाज बंद करून. त्यामुळे मराठी प्रसंग आणि इंग्रजी वाक्य दोन्ही पडद्यावर हवेत, आणि वाक्याखाली उच्चार देवनागरीत, म्हणजे 'कुड' मधला न बोलायचा एल कोणी बोलणार नाही. मजकूर मधल्या पट्ट्यात ठेवा. खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं त्याला झाकतात. आपोआप येणाऱ्या सबटायटल्सवर विसंबू नका, मराठी-इंग्रजी मिसळलं की ती काहीच्या काही लिहितात. हाताने टाइप करा. एसटीत मोठ्याने बोलता येत नाही हे खरं. म्हणूनच ती सेव्ह करते आणि रात्री ओट्यापाशी म्हणून बघते. सेव्हचा आकडा मला म्हणून महत्त्वाचा वाटतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटं. ठीक आहे, आता मूळ विषय.

कॉलेजच्या मुलांसाठी सांगाडा हाच, प्रसंग वेगळे. कॅम्पस मुलाखत, तोंडी परीक्षा, ग्रुप डिस्कशनमध्ये दुसऱ्याला न दुखावता मध्ये बोलणं. 'मायसेल्फ राहुल' ऐवजी 'आय ॲम राहुल' हे शिकवायचं असेल तर फुली मारू नका, नुसतं बरोबर वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या. दोन्ही गटांना एकाच रीलमध्ये कोंबू नका. पहिल्या दोन सेकंदांत बघणाऱ्याला 'हे माझ्यासाठी आहे' असं वाटलं नाही तर पुढचं सगळं वाया.

रील चालली की नाही हे व्ह्यूजवरून ठरवू नका. किती जणांपर्यंत पोचली आणि त्यातल्या किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली, हे बघा. आपल्याला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायला ही पाठवणीच सर्वांत कामाला येते, असं इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी, ॲडम मोसेरींनी, २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं आहे. आपल्या धंद्यात त्याचा अर्थ सरळ आहे: मैत्रीण मैत्रिणीला पाठवते तीच आपली पुढची विद्यार्थिनी.

प्रवेश रीलवर होत नाही, मेसेजमध्ये होतो. 'फी किती' विचारलं की फी सांगा, लपवू नका, 'कॉल करा' म्हणू नका. घरात सगळ्यांसमोर तिला कॉल करता येत नाही. बॅचची वेळ सांगा, ऑफिस सुटल्यावर किंवा सकाळी लवकरची, आणि तिला एका तासाला बसायला बोलवा. ती आली की रीलमधलंच वाक्य तिच्याकडून बोलून घ्या. तिने घरी म्हणून पाहिलेलं असतं, ते येतं.

गाजलेली सिनेमाची गाणी मागे लावू नका. जाहिरातीसाठी ती वापरायची परवानगी आपल्याकडे नसते, आवाज बंद केला जाऊ शकतो, आणि आपल्याकडे ऐकवायचा तो माणसाचा आवाज.

शेवटचं. '३० दिवसांत फाडफाड इंग्लिश, गॅरंटीने' हे काढून टाका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात खोट्या हमीला मनाई आहे आणि यशस्वी विद्यार्थ्यांचं नाव, फोटो किंवा मनोगत त्यांच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. 'आधी अशी बोलायची, आता अशी बोलते' हा व्हिडिओ तर संमती असली तरी करू नका. तिचं अडखळणं तिच्या ऑफिसात पोचतं. आताचं बोलणं दाखवायचं असेल तर आधी तिला पूर्ण रील दाखवा, मग सही घ्या, आणि तिने कधीही काढा म्हटलं तर काढण्याचं त्याच कागदावर लिहून द्या. आमच्या संमतिपत्राच्या मराठी प्रती मी आणल्या आहेत, त्या दाराजवळच्या टेबलावर आहेत.