विचारायचं राहिलं, त्याची माफी

श्रोतेहो, नमस्कार. आज एका मेसेजची गोष्ट सांगणार आहे. ज्या मित्राला तो पाठवला, त्याला विचारूनच सांगतोय. या वेळी विचारलंय, असं म्हणू या हवं तर.

ठाण्यात उपवन तलावाला सकाळी फेऱ्या मारणारी आमची चाळिसेक जणांची टोळी आहे. टोळी म्हटली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आलाच. एका रविवारी कट्ट्यावर बसून चहा पिताना मी मित्राचा फोटो काढला. संध्याकाळी मोबाइलमधल्या एका अ‍ॅपमधून त्याचं व्यंगचित्र बनवलं आणि ग्रुपवर टाकलं. हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. ‘साहेब गाणी ऐकतायत!’ असं कुणीतरी लिहिलं.

त्याच्या डाव्या कानात श्रवणयंत्र असतं. केसांआड असल्यामुळे सहसा कळत नाही. अ‍ॅपला ते काय आहे हे कुठलं कळायला? त्याने कान मोठा केला आणि त्यात एक ठसठशीत पांढरं बोंडूक बसवलं. आमच्यापैकी मोजक्या दोघा-तिघांना माहीत असलेली गोष्ट चाळीस जणांपुढे गेली. सोमवारी तो फिरायला आला नाही. मंगळवारीही नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

लगेच लिहायला बसलो: ‘अरे सॉरी, गंमत म्हणून टाकलं होतं. तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर.’ पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘यात तुझी चूक कुठाय? वाईट वाटून घेतलं ही त्याचीच चूक दिसतेय.’

खरं होतं. ‘असेल तर’ या दोन शब्दांनी मी सगळं त्याच्यावर ढकललं होतं. पुन्हा लिहायला घेतलं, तर हात आपोआप लिहून गेला, ‘तो फोटो ग्रुपवर गेला...’ आपली मराठी या बाबतीत फार सोयीची आहे बघा. कप फुटतो, दूध उतू जातं, फोटो जातो; करणारा कुणी नसतोच. ते खोडून लिहिलं, ‘मी टाकला.’

पण लिहिण्याआधी एक काम होतं, चित्र काढून टाकण्याचं. माफी मागताना चित्र तिथेच असेल, तर त्या माफीत काय राम? व्हॉट्सअ‍ॅपवर आपला मेसेज सगळ्यांकडून पुसायला साधारण दोन दिवसांची मुदत मिळते. मी मुदतीत होतो. मात्र तिथे ‘डिलीट फॉर मी’ आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ शेजारी-शेजारी असतात. घाईत पहिलं दाबलं तर चित्र फक्त आपल्याला दिसेनासं होतं आणि बाकीचे बघत बसतात. नीट वाचून दुसरं दाबलं. तरीही ज्यांनी ते गॅलरीत ठेवलं किंवा पुढे पाठवलं, त्यांच्याकडची प्रत तशीच राहते. मग एकेकाला फोन केला. का पुसायचं ते सांगितलं नाही, नुसतं ‘पुसून टाक’ म्हटलं. एकाने ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवलं होतं, तिथलं काही पुसता आलं नाही.

हेही मेसेजात घालायचं की नाही, यावर मी बराच वेळ घुटमळलो. शेवटी घातलं. उद्या त्याला ते दुसरीकडून कळलं असतं, तर माझ्या माफीला काडीची किंमत राहिली नसती. मेसेज असा झाला:

‘रविवारी तुझ्या फोटोचं व्यंगचित्र मी बनवलं आणि तुला न विचारता ग्रुपवर टाकलं. तुझं यंत्र त्यात दिसतंय, हे मी बघायला हवं होतं. चुकलो. आज सकाळी ते सगळ्यांकडून पुसलंय. एकाने ते त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवलंय, तिथलं पुसता आलेलं नाही. मूळ फोटो मी त्या अ‍ॅपला दिला होता, म्हणजे तो त्यांच्याकडेही गेलाय. माझ्या फोनमधला काढलाय. ग्रुपवर मी काही लिहावं असं तुला वाटतं का? तू सांगशील तसं. उत्तराची घाई नाही.’

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारला. आधी वाटलं होतं, चारचौघांत केलं ते चारचौघांतच निस्तरावं. पण ज्यांनी चित्र पाहिलंच नव्हतं तेही माफी वाचून ‘काय झालं रे?’ म्हणून विचारत आले असते. म्हणजे पुन्हा त्याचाच कान चर्चेत.

निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. आणखी एक मेसेज करायला हात शिवशिवत होते, पण आवरलं. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचं आलं: ‘ग्रुपवर काही लिहू नकोस. आणि पुन्हा असा शहाणपणा करू नकोस.’

शुक्रवारी तो तलावावर आला. काही न बोलता माझ्या डाव्या हाताला येऊन चालू लागला. तो नेहमी त्याच बाजूला चालतो. त्याचा चांगला कान उजवा आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.