४०२ वजा १५७ : आपल्या सर-ताईंचे आभार

जय भीम, नमस्कार मंडळी. शाल-श्रीफळ आणलंय, ते होईलच, पण आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत फुकट शिकवणाऱ्या सर आणि ताईंचे आभार मला एका वजाबाकीवरून मानायचेत. हसू नका ना, ऐका तर.

४०२ वजा १५७. सहावीतल्या एका पोरीनं उत्तर लिहिलं ३५५. कोणीही फुली मारून पुढं गेलं असतं. पण आपले बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, "काहून आलं बेटा हे? मले करून दाखव." पोरगी करून दाखवते, चारातून एक गेला तीन, पाचातून शून्य गेलं पाच, सातातून दोन गेले पाच. म्हणजे वर कोण न् खाली कोण बघायचंच नाही, मोठ्यातून लहान काढायचा! पोरीनं अंदाजानं काही ठोकलं नव्हतं, तिचा पक्का नियम होता, फक्त चुकीचा. आणि ४५७ वजा १३२ दिलं की याच नियमानं ३२५ असं बरोबर उत्तर येतं, म्हणून ही चूक कित्येक वर्षं कोणाला दिसतच नाही. त्यामुळं नवीन पोरगं आलं की काका पहिल्याच दिवशी मधे शून्य असलेलं गणित देतात.

मग निघतात खेळण्यातल्या नोटा. शंभराच्या चार, रुपयाची दोन नाणी, आणि दुकानदाराला द्यायचेत १५७. सात रुपये सुटे नाहीत, मोडायला दहाची नोटही नाही. मग शंभराची एक मोडली, दहाच्या दहा आल्या, त्यातली एक मोडून दहा नाणी घेतली. आता हातात शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, नाणी बारा. देऊन टाका १५७, उरले २४५. पोरं खूश.

खरी कटकट इथून पुढं, आणि हे मला इंजिनिअरिंग करणाऱ्या ताईकडून कळलं. नोटांनी बरोबर करणारं पोरगं वहीवर आलं की परत ३५५ लिहितं, कारण त्याच्या डोक्यात दुकान वेगळं न् वही वेगळी. म्हणून ताई एक नोट मोडली की तिथंच थांबवते, वहीत ४ खोडून ३ लिही, शून्यावर १० लिही, मग दुसरी नोट मोड, १० चे ९ कर, दोनाचे १२. शेवटी उत्तरात १५७ मिळवून बघायचं, ४०२ आलं पाहिजे. ३५५ मध्ये मिळवले तर ५१२ येतात, पोरगं स्वतःच जीभ चावतं.

एका पोरामागं असा पाऊण तास जातो, तेही नोकरी न् कॉलेज सांभाळून. थँक्यू सर, थँक्यू ताई. काका, त्या नोटा पार फाटल्यात, कमिटीनं नवीन दोन सेट आणलेत, ते पण शालीसोबतच घ्या.