ओळीची बेरीज आणि कर्णाची बेरीज

फळ्यावर एका फुटबॉल सामन्याच्या संभाव्य निकालांचा तक्ता काढलाय. उभ्या बाजूला यजमान संघाचे गोल, ० पासून खाली. आडव्या बाजूला पाहुण्यांचे. प्रत्येक घरात त्या निकालाची शक्यता. आज जे काही बोलायचंय ते या एका तक्त्यातूनच निघतं, आणि माझा आग्रह आहे की ते एकाच तक्त्यातून काढावं.

घरं भरली कशी? यजमानांकडून सरासरी १.६ गोल अपेक्षित आहेत आणि पाहुण्यांकडून १.१, असं धरलं. सरासरीवरून प्रत्येक गोलसंख्येची शक्यता देणाऱ्या पॉइसाँच्या सूत्राने यजमानांचा एकही गोल न होण्याची शक्यता २०.२ टक्के येते आणि नेमका एक होण्याची ३२.३ टक्के. पाहुण्यांसाठी शून्याची शक्यता ३३.३ टक्के. सध्यापुरते दोन्ही संघ एकमेकांपासून स्वतंत्र मानू. मग १-० च्या घरात ३२.३ टक्क्यांचे ३३.३ टक्के, म्हणजे १०.८ टक्के येतात. बाकीची घरंही अशीच.

आता प्रश्न विचारू. यजमान दोन किंवा अधिक गोल करतील का? पाहुण्यांनी किती केले याच्याशी इथे देणंघेणं नाही, म्हणून २ पासून खालच्या सगळ्या ओळींची बेरीज करायची: ४७.५ टक्के. संघाचे एकूण गोल म्हणजे ओळींचा हिशोब.

यजमान नेमक्या एका गोलाने जिंकतील का? इथे १-०, २-१, ३-२ अशी घरं तिरकी उतरत जातात. हा कर्ण आहे, आणि त्याची बेरीज २३.४ टक्के. शेजारच्या कर्णावर, दोन गोलांच्या फरकाला, १४.९ टक्के. तीन किंवा अधिक फरकाच्या सगळ्या कर्णांना मिळून १०.६. मधला कर्ण बरोबरीचा: २४.९.

एक चूक फार वेळा दिसते. 'यजमान दोन किंवा अधिक फरकाने जिंकतील' याला २५.५ टक्के, 'यजमान दोन किंवा अधिक गोल करतील' याला ४७.५, दोन्ही एकदम घडायला हवं, तर लोक सरळ गुणाकार करून १२.१ टक्के सांगतात. अहो, दोनच्या फरकाने जिंकायचं तर किमान दोन गोल करावेच लागतात! पहिली गोष्ट घडली की दुसरी घडलेलीच असते, म्हणून उत्तर २५.५ टक्केच. तक्त्यावर बोट ठेवलं असतं तर हे लगेच दिसलं असतं, कारण ती सगळी घरं खालच्या ओळींतच आहेत.

आता मघाचं स्वतंत्रपणाचं गृहीतक. कमी गोलांच्या निकालांत ते नीट बसत नाही, असं मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं आणि फक्त चार घरांची दुरुस्ती सुचवली: ०-०, १-०, ०-१ आणि १-१. ही दुरुस्ती किती मोठी ते त्यांच्या सूत्रातला ρ नावाचा एक आकडा ठरवतो. उदाहरणापुरता तो उणे ०.१ घेऊ. मग आपल्या तक्त्यात ०-० आणि १-१ ही घरं प्रत्येकी १.२ टक्क्यांनी वाढतात, आणि १-० व ०-१ ही तेवढीच घटतात. बरोबरी २४.९ वरून २७.३ वर जाते. यजमानांचा एका गोलाचा विजय २२.३ वर येतो.

आणि संघाचे एकूण गोल? जराही हलत नाहीत. पहिल्या ओळीत ०-० ने जे मिळवलं ते ०-१ ने गमावलं. दुसरीत १-१ ने मिळवलं ते १-० ने गमावलं. ओळ तीच, स्तंभ तोच, फक्त कर्ण बदलले. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. दोन्ही संघांच्या एकूण गोलांचे अंदाज प्रत्यक्षाशी छान जुळताहेत म्हणून फरकाचे अंदाजही बरोबर असतील असं समजू नका. ते वेगळे तपासावे लागतात.

शेवटची अडचण कडेची. तक्ता कुठेतरी थांबवावा लागतो. दोन्ही बाजूंनी ४ वर थांबवला तर घरांची बेरीज ९७.१ टक्केच भरते. गेलेले २.९ कुठले? बहुतेक यजमानांच्या मोठ्या विजयांचे. तीन किंवा अधिक फरकाच्या गटात ३-०, ४-० आणि ४-१ एवढीच घरं उरतात आणि १०.६ चे ८.४ होतात. मग सगळी घरं सारख्या प्रमाणात फुगवून बेरीज शंभरावर आणणं हा उपाय नव्हे. त्याने हरवलेला वाटा बरोबरीलाही मिळतो. तक्ता १० पर्यंत न्या, काम झालं. २०१४ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत जर्मनीने ब्राझीलला ७-१ हरवलं; पाचवर थांबलेल्या तक्त्यात त्या निकालाला घरच नाही.

ताळा करायचा तर प्रत्येक कर्णाचा फरक त्याच्या शक्यतेने गुणा, पाहुण्यांच्या विजयाला उणे चिन्ह द्या, आणि बेरीज घ्या. ती १.६ वजा १.१, म्हणजे ०.५ यायला हवी; दुरुस्तीनंतरही तेवढीच. नाही आली, तर एखादा कर्ण चुकीचा मोजलाय किंवा तक्ता फार लवकर कापलाय.