‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ या नोंदीबद्दल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील बोलणे, थोडे संपादित करून)

आपल्या प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने आहेत. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून आपण ते भरतोय. सत्र संपत आलं की तयार नोंदींची यादी या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरायला लागते. त्यातली सगळ्यात जास्त उतरवली जाणारी नोंद म्हणजे ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’. मला आज या एका ओळीबद्दल बोलायचंय.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या सत्रात निबंध सांगितला की आठ ओळी लिहायची, त्यात चार चुका. मी तीच नोंद केली. दिवाळीनंतर तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, “बाई, लक्ष द्यायचं म्हणजे मी घरी नेमकं काय करू? चुकलेला शब्द मी तिला वीस-वीस वेळा लिहायला लावते.” मला उत्तर देता आलं नाही. पोरीची सुट्टी शब्द घोटण्यात गेली होती आणि त्याला माझी ओळ कारण होती. ते मला आजही लागतं.

दुसऱ्या सत्रात मात्र ती लिहायला लागली. गावच्या आठवडी बाजारावर तिने 44 ओळी लिहिल्या. वांगी निवडताना आजी देठ कसा मोडून बघते, तेसुद्धा त्यात होतं! आणि चुका 23. शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, “हिचं लेखन बिघडलं की.” आता हिशेब बघा. आधी दोन ओळींना एक चूक, आताही जवळजवळ तेवढीच. लेखन वाढलं म्हणून चुकांचा आकडा वाढला. नुसता आकडा मोजला असता, तर सुधारलेली मुलगी मी मागे पडलेली ठरवली असती.

मग मी ती वही चुकांवर खुणा न करता दुसऱ्या दिवशी तिला परत दिली. लाल पेन दिलं नाही, पेन्सिल दिली. म्हटलं, “दहा मिनिटं घे, शब्दाखाली पेन्सिल धरून मोठ्याने वाच.” दुसऱ्या दिवशीच का? लिहिल्या लिहिल्या वाचलं की मूल मनातलं वाक्य वाचतं, कागदावरचं नाही. तिने 16 चुका स्वतः शोधल्या. ‘काकानी’वर अनुस्वार दिला, दोनदा पडलेला ‘होतं’ खोडला, अर्धवट सुटलेलं वाक्य पुरं केलं. ‘शिक्षक दीन’ वाचून तर स्वतःच हसली आणि ‘दिन’ केलं. (तुम्हीही हसलात. म्हणजे वेलांटीने काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.)

उरल्या सात. त्यातल्या पाच एकाच जातीच्या होत्या. विहीरीत, फूलांचा, बहीणीला असे शब्द. विहीर, फूल, बहीण हे दीर्घ तिला येत होते, पण प्रत्यय लागला की विहिरीत, फुलांचा, बहिणीला असं ऱ्हस्व होतं, हे तिला माहीतच नव्हतं. ते तिने शंभरदा वाचलं असतं तरी तिला सापडलं नसतं. ते शिकवणं माझं काम. पुढे शरीर–शरीराला, गीत–गीताला असे तत्सम शब्द मात्र दीर्घच राहतात, हेही सांगावं लागतं.

केंद्रप्रमुख साहेब घड्याळ दाखवताहेत. नोंद कशी लिहायची हे सांगायचं कबूल केलं होतं, ते आता भराभर सांगते.

सापडलेल्या 16 आणि न सापडलेल्या सात एकाच ओळीत कोंबू नका. पहिला प्रकार सवयीचा आहे, दुसरा न शिकलेल्या नियमाचा. मी शेवटी हे लिहिलं. ‘विशेष प्रगती’त: “पाहिलेला प्रसंग क्रमाने, बारकाव्यांसह पानभर लिहिते.” ‘सुधारणा आवश्यक’मध्ये: “लिहून झाल्यावर पुन्हा वाचत नाही. वाचल्यास बहुतेक चुका स्वतः दुरुस्त करते. घरी लिहिलेले दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवावे.” विहिरीचा नियम प्रगतिपत्रकात घातला नाही, माझ्या नोंदवहीत ठेवला.

रकाना लहान आहे, खरं आहे. मग ‘वाचल्यास स्वतः दुरुस्त करते’ एवढं तरी ठेवाच. आळशी, निष्काळजी हे शब्द नकोत, त्यावरून घरी काय करायचं ते कळत नाही.

एक अडचणही सांगते. शेवटच्या वाक्यापासून उलटं वाचत आलं की काना-मात्रा चांगल्या सापडतात, पण मधलं वाक्य गळलं असेल तर कळत नाही. म्हणून आधी सरळ, मोठ्याने. परीक्षेत मोठ्याने वाचता येत नाही. तिथे शेवटची पाच मिनिटं राखायची आणि ओठ हलवत वाचायचं.

आणि ती आई? तिचं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ तिला सांगता येत नाही. भाकरी थापताना ती लेकीचं वाचन ऐकते, आणि कुठे अडखळलं की म्हणते, “तिथनं परत वाच.”