एका किलोत किती भिंत?

(सांगलीत विश्रामबागेत घर बांधणाऱ्यांसाठी आणि रंगकाम करणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. पुट्टी आणि प्रायमर किती आणायचं, एवढाच आजचा विषय आहे. हिशेब तिसरी-चौथीच्या भागाकाराचा. तरीही घरोघरी ऐकू येतं, "रंगाऱ्यानं तीन पिशव्या सांगितल्या होत्या, पाच लागल्या." मग मालकाला वाटतं माल पळवला आणि रंगारी म्हणतो भिंत खराब. बहुतेक वेळा रंगारी खरं बोलत असतो.

पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीच्या पिशवीवर साधारण असं छापलेलं असतं: गुळगुळीत भिंतीवर, दोन हातांत, एका किलोत अमुक इतके चौरस फूट. बऱ्याच पिशव्यांवर हा आकडा 20च्या आसपास असतो. तो खोटा नसतो, पण तो नेमका काय सांगतो ते बघू. एक किलो पावडरीत 380 मिलिलिटर पाणी घातलं की अंदाजे पाऊण लिटर लगदा होतो. पाऊण लिटर लगदा 20 चौरस फुटांवर पसरला तर थर होतो 0.4 मिलिमीटरचा. तोही दोन्ही हात मिळून. म्हणजे जाड कागदाचे दोन-तीन ताव. इतक्या पातळ थरात झाकता येईल एवढी गुळगुळीत भिंत आपल्याकडे किती घरांत असते? त्यामुळे पिशवीवरचा आकडा हा क्षेत्रफळाचा आकडा म्हणून वाचू नका, जाडीचा म्हणून वाचा. हाच लगदा एक मिलिमीटर जाड लावला तर एक किलोत जेमतेम आठ चौरस फूट होतात.

जाडी ठरते ती गिलाव्यावरून. गवंड्यानं रंधा मारून तशीच सोडलेली, वाळू दिसणारी भिंत असेल तर पहिला हात सगळा वाळूच्या कणांमधल्या खड्ड्यांत जातो. क्रश सँडचा गिलावा असेल आणि ती नीट चाळलेली नसेल तर आणखी जातो. नीरूचा हात फिरवलेली भिंत कमी खाते. भिंतीचं माप तेच, रंगारी तोच, पिशवी तीच, तरी गिलाव्यामुळे खप दीडपट होऊ शकतो. तेव्हा "आमच्या शेजाऱ्यांना दोनच पिशव्या पुरल्या" या माहितीला शेजाऱ्याची भिंत पाहिल्याशिवाय अर्थ नाही.

मग करायचं काय? मोजायचं, आणि आपल्याच भिंतीवर. एक साधी भिंत निवडा, फार चांगली नको, फार वाईटही नको. खडूनं सहा फूट बाय पाच फूट चौकट आखा, म्हणजे 30 चौरस फूट. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा आणि पावडर कोरडी असतानाच तोला. कालवल्यावर तोलू नका, कारण पाण्याचं वजन मिसळतं. रंगाऱ्याला म्हणा, रोज लावतोस तसाच लाव, आज आमच्यासाठी पातळ ओढू नकोस. उरलेली पावडर पुन्हा तोला. दुसरा हात त्याच चौकटीवर, पहिला सुकल्यावर.

समजा पहिल्या हाताला दीड किलो गेलं. म्हणजे एका किलोत 20 चौरस फूट. दुसऱ्या हाताला भिंत भरलेली असते, म्हणून एकच किलो गेलं, म्हणजे एका किलोत 30. आता इथे हमखास घोळ होतो. कुणी म्हणतं, 20 आणि 30ची सरासरी 25, तेव्हा 25नं भागू. तसं केलंत तर निम्म्याहूनही कमी माल येईल. दोन्ही हात त्याच भिंतीवर पडलेत. म्हणून चौरस फुटांची सरासरी काढायची नाही, किलोंची बेरीज करायची. दीड आणि एक मिळून अडीच किलोत 30 चौरस फूट झाले, म्हणजे दोन हातांना मिळून एका किलोत 12. आपल्या बोलीत सांगायचं तर एका ब्रासला आठ किलोच्या थोडं वर.

याचंच दुसरं टोक म्हणजे पिशवीवरचा आकडा दोन हातांचा असताना पुन्हा दोननं गुणणं. तिथे माल दुप्पट येतो. आकड्याच्या शेजारी एक हात लिहिलंय की दोन, हे वाचल्याशिवाय कॅलक्युलेटर काढू नका.

आता एक खोली घेऊ. बारा बाय दहा, उंची दहा फूट. चारही भिंतींची लांबी 44 फूट, म्हणून भिंती 440 चौरस फूट. दरवाजा तीन बाय सात, 21. खिडकी पाच बाय चार, 20. हे 41 वजा केले. खिडकीच्या आतल्या बाजूला चार इंचांची कड आहे, तिलाही पुट्टी लागते; चारही बाजू मिळून 18 फूट, त्याचे सहा चौरस फूट परत मिळवले. भिंती झाल्या 405. वर स्लॅबचं तळ 120. एकूण 525 चौरस फूट, सव्वापाच ब्रास.

मध्येच एक सांगतो. हे माप मालाचं आहे, बिलाचं नाही. गिलाव्याच्या मोजमापासाठी भारतीय मानक 1200च्या बाराव्या भागात वेगळी रीत आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजा करत नाहीत. त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा करतात आणि कडा वेगळ्या धरत नाहीत. अशा रीतीनं बिल केलं तर त्यात क्षेत्रफळ थोडं जास्त दिसेल. ती लबाडी नव्हे, तो कडांच्या कामाचा मोबदला आहे. फक्त त्या मापानं माल आणू नका.

तर 525 भागिले 12, पावणेचव्वेचाळीस किलो. पत्र्यावरून खाली पडणारं, बादलीला चिकटणारं आणि घासताना उडणारं धरून सहा-सात टक्के वाढवा, 47 किलो होतील. चाळीसची एक पिशवी आणि पाच-पाचच्या दोन. पिशवीवरच्या 20नं भागलं असतं तर सव्वासव्वीस किलो आले असते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रंगारी दुकानाच्या पायऱ्यांवर दिसला असता.

बादलीतली नासाडी सहा-सात टक्क्यांच्या आत ठेवायची तर एका वेळी पाच किलोच्या वर कालवू नका. ही सिमेंटची पुट्टी आहे, तीन तासांत ती घट्ट व्हायला लागते. घट्ट झालेल्यात पाणी घालून पुन्हा ढवळणारे पुष्कळ आहेत. ती लागते छान, पण सुकल्यावर बोटानं घासली की पीठ सुटतं. त्यापेक्षा ती टाकलेली बरी.

आता पट्टीची गोष्ट. सहा फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीवर आडवी-उभी धरा आणि फटीतून उजेड बघा. फट मिलिमीटरभर असेल तर पुट्टी ते काम करेल. पण समजा एका शंभर चौरस फुटांच्या भिंतीत सरासरी तीन मिलिमीटरची खोलगट आहे. मिलिमीटरला आठ चौरस फूट या हिशेबानं ती एकटी साडेसदतीस किलो खाईल. आख्ख्या खोलीला 47 आणि एका भिंतीला जवळजवळ तेवढीच! शिवाय या पुट्टीचा एकूण थर दीड मिलिमीटरच्या वर नेऊ नये असं उत्पादकच सांगतात, कारण जाड थराला केसासारख्या भेगा पडतात आणि पुढे पापुद्रे निघतात. तेव्हा खप अचानक वाढला की आधी रंगाऱ्यावर संशय घेऊ नका, पट्टी लावा. खोलगट गवंड्याकडून गिलाव्यानं भरून घ्या, तो सुकू द्या, मग पुट्टी.

इथे ठेक्याचाही संबंध येतो. मजुरी तेवढी रंगाऱ्याची आणि माल तुमचा असेल, तर त्याला पुट्टी वाचवायचं कारण नसतं. तो वाकडी भिंत पुट्टीनंच सरळ करेल. मालासकट ठेका असेल तर दुसरा हात इतका पातळ ओढेल की आतली वाळू दिसेल. दोन्हींवर उपाय तीच खडूची चौकट. तिथे लागलेले किलो दोघांनी मिळून वहीत लिहायचे आणि सगळ्या घराचा हिशेब त्यावर.

सांगलीत असल्यामुळे ओलीबद्दल बोलावंच लागेल. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर रस्ता, जिथे जिथे 2019 आणि 2021च्या पुराचं पाणी घरात उभं राहिलं, तिथल्या खालच्या तीन-चार फुटांच्या भिंतींना हा हिशेब लगेच लावू नका. भिंत वरून कोरडी वाटते, आत ओल असते. प्लास्टिकचा दोन फुटी चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. लोणा फुटला असेल तर ब्रशनं झाडून, ठोकून पाहा; पोकळ आवाज येतो तिथला गिलावा काढावा लागतो. लोण्यावर लावलेली पुट्टी पिशवीभर असो की दहा पिशव्या, ती खालून सुटणारच.

आता प्रायमर. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीखाली प्रायमरची गरज नाही. भिंत पाण्यानं ओलसर केली की ती गिलाव्याला धरते. डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी असेल तर खाली प्रायमर हवा. आपण पुट्टीवरच्या एका हाताचं बघू. पाण्यात कालवायच्या प्रायमरचा आकडा समजा डब्यावर एका लिटरला 110 चौरस फूट आहे. 525 भागिले 110, म्हणजे पावणेपाच लिटरच्या थोडं वर. चार लिटरचा एक डबा आणि एक लिटरचा एक.

चूक होते ती पाण्याची. डब्यावरचा आकडा न मिसळलेल्या प्रायमरचा असेल, तर हिशेबही त्याच लिटरचा. रंगाऱ्यानं डब्यावर परवानगी आहे म्हणून बरोबरीनं पाणी घातलं तर बादलीत दहा लिटर दिसतात, पण भिंत वाढत नाही. उलट कुणी तीन लिटरमध्ये सात लिटर पाणी ओतून खोली उरकली, तर प्रायमर वाचलेला नाही, पातळ झालाय. सुकल्यावर तळहात फिरवा. हात पांढरा झाला तर एक तर पाणी जास्त पडलंय किंवा घासल्यावर पुट्टीची धूळ न झाडताच प्रायमर मारलाय. अशा भिंतीवर रंग धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. आणि दुकानदार किलोत भाव सांगत असेल तर लिटरचा आकडा तसाच किलोला लावू नका; एक लिटर प्रायमर एका किलोहून बराच जड असतो. एक लिटर मोजून तोलला की झालं.

शेवटी मघाशी मागच्या ओळीतून आलेला प्रश्न: सगळ्या घराचा माल एकदम आणावा का? पावसाळ्यात नको. पहिल्या खोलीपुरता आणा, तिथला प्रत्यक्ष खप बघा आणि उरलेल्या खोल्यांची मागणी त्यावर द्या. फोडलेल्या पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती लाकडी फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. गाठी धरल्या असतील तर ती पुट्टी चाळून वापरू नका. तिच्यातलं सिमेंट आधीच ओल खाऊन बसलेलं असतं.