तर्री पोह्यानंतरची वीस मिनिटं

(दृश्य: सकाळ. पोह्यांच्या ठेल्यावर वाफ. कढईतली लाल तर्री, वर चण्याचे दाणे. शेजारी चहाचं पातेलं.)

नागपुरात सकाळी नऊच्या सुमाराला कुठल्याही चौकात उभं राहा, हेच चित्र दिसतं. प्लेटभर पोहे, वरून तर्री, आणि मागोमाग गोड, दाट चहा. खाणाऱ्याचं लक्ष चवीकडे असतं. त्याच वेळी त्याच्या दातांवर काय चाललंय, आणि त्यानंतर वीस मिनिटं च्युइंगम चावला तर काय बदलतं, ते या फिल्ममध्ये पाहू.

समजा, चहाचा शेवटचा घोट घेतला तेव्हा घड्याळात सव्वानऊ झालेत. दातांवर जीवाणूंचा एक चिकट थर असतो, प्लाक म्हणतात त्याला. घासून काढला तरी काही तासांत तो पुन्हा धरायला लागतो. चहातली साखर या थरात शिरते. पोह्यांचा पिठूळपणाही लाळेतल्या विकरामुळे थोडा थोडा साखरेत बदलत असतो. जीवाणू ही साखर खातात आणि आम्ल सोडतात. पाच ते दहा मिनिटांत थरातला पीएच घसरून तळाला जातो. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त.

(दृश्य: कागदावर पेनानं काढलेली रेषा. आधी सरळ, मग झपकन खाली, मग हळूहळू वर.)

ही रेषा दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काढता येते. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरच्या थरातला पीएच मोजून ती दाखवली. तिच्यात लक्षात ठेवण्यासारखा आकडा एकच, ५.५. पीएच साधारण याच्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. हिरड्या खाली सरकून उघडी पडलेली मुळं त्याहून नाजूक. ती सहाच्या वरच झिजायला लागतात.

घसरण झटपट होते, चढण मात्र संथ असते. काहीच केलं नाही तर रेषा पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. हा वेळ कमी करणारी गोष्ट म्हणजे लाळ. च्युइंगमचं काम फक्त ती वाढवण्याचं.

(दृश्य: आरशासमोर एकजण गाल बोटानं बाहेर ओढतो.)

लाळ येते कुठून, हे घरी आरशात पाहता येतं. गाल बाहेर ओढा आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेच्या समोर, गालाच्या आतल्या बाजूला पाहा. तिथे मोहरीएवढा उंचवटा दिसेल. कानाखालच्या लाळग्रंथीची नळी इथे उघडते. स्वच्छ रुमालानं जागा कोरडी करा आणि लिंबाचा विचार करा, किंवा कानाच्या पुढून गालावर हलकंसं दाबत या. तिथे एक स्वच्छ थेंब जमा होईल. लाळेच्या नळ्यांची दुसरी मोठी तोंडं जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या मागे आहेत. दातांवरचा दगडी कीट याच दोन जागी सगळ्यात जास्त का धरतो, याचं उत्तर इथेच मिळतं. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं, आणि नळीजवळ ते आधी पोचतं. कीट त्रासाचा खरा, पण तोच माल झिजलेल्या इनॅमलची भरपाई करतो.

काही न चावता माणसाची लाळ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर येते. च्युइंगम तोंडात टाकला की पहिल्या मिनिटांत ती दहापटीच्या आसपास उसळते, कारण चव आणि चावणं दोन्ही एकदम सुरू होतात. पुढे चव संपत जाते. वीस मिनिटांनंतरही लाळ नेहमीच्या दुपटी-तिपटीनं चालू असते, ती निव्वळ चावण्यामुळे.

नुसती लाळ जास्त आली एवढंच होत नाही, ती बदलतेही. वेगानं वाहणाऱ्या लाळेत बायकार्बोनेटचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. बायकार्बोनेट म्हणजे खाण्याच्या सोड्यातला आम्ल मारणारा भाग. म्हणजे जास्त लाळ, आणि तीही जास्त सोडा असलेली. शिवाय तोंडात एकावेळी जेमतेम मिलिलिटरभर लाळ मावते. ती गिळली की नवी येते, आणि प्रत्येक गिळण्याबरोबर तोंडातली साखर पातळ होत जाते.

(दृश्य: औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण. शेजारी घड्याळ.)

हे मोजूनही पाहता येतं. खाऊन दोन तास झाल्यावर शांत बसा, मान खाली घाला आणि पाच मिनिटं येईल ती लाळ मापाच्या झाकणात सोडत राहा. गिळू नका, चोखू नका. दीड ते दोन मिलिलिटर भरली तर ठीक. मग पाच मिनिटं गम चावत तेच करा. झाकण भरत आलेलं दिसेल, सात-आठ मिलिलिटर सहज होते. न चावता पाच मिनिटांत अर्धा मिलिलिटरही भरली नाही, तर गमच्या आधी दंतवैद्य गाठा. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडतं. आणि मे महिन्यात दुपारभर उन्हात फिरून आल्यावर हे मोजू नका. शरीरातलं पाणी कमी झालं की लाळ आटतेच. तेव्हा आधी पाणी प्या.

आता आपल्या सव्वानऊच्या माणसाकडे वळू.

त्यानं चहा संपताच पाण्यानं चूळ भरली आणि लगेच गम तोंडात टाकला. दहा वाजता टाकला असता तर रेषेतला आम्लाचा खड्डा बहुतेक होऊन गेला असता. हा गम नऊ पस्तीसपर्यंत चावायचा आहे, वीस मिनिटं. बहुतेक लोक चव गेली की पाचव्या मिनिटाला थुंकतात आणि इथेच घोटाळा होतो. पहिला भर ओसरल्यावरची संथ, सलग लाळच खड्डा भरून काढते. आणखी एक चूक म्हणजे एकाच बाजूनं चावणं. ज्या बाजूनं चावाल त्या बाजूची ग्रंथी जास्त लाळ सोडते, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी बाजू बदला. पण वीस मिनिटांची हौस तासांवर नेऊ नका. जबड्याचा सांधा दुखायला लागतो, सकाळी तोंड उघडताना कट्ट आवाज येतो. असा आवाज किंवा कानाजवळ दुखणं आधीपासून असेल, दात हलत असतील किंवा तारा बसवलेल्या असतील, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

आपल्या माणसानं पावणेदहाला दुसरा कटिंग घेतला, तर रेषा पुन्हा खाली येते आणि गणित पहिल्यापासून सुरू होतं. ऑफिसात दर तासाला गोड चहा पिणाऱ्याला गम वाचवू शकत नाही. त्याचे दात दिवसभर खड्ड्यातच असतात.

(दृश्य: पानठेला. प्लास्टिकच्या कागदात खर्रा घोटला जातोय.)

इथे एक बोलणं हमखास ऐकू येतं, "खर्रा खाल्ला तरी लाळ सुटतेच की." सुटते, पण तिच्याबरोबर तंबाखू, सुपारी आणि चुना गालाला लागतो. सुपारीमुळे गालाचं अस्तर आतून ताठ होत जातं, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो. आपली तीन बोटं उभी करून दातांमध्ये जात नसतील तर तपासून घ्या. अशा माणसाला गम चावणंही अवघड जातं.

(दृश्य: गमचं पाकीट जवळून. मागची बारीक अक्षरं.)

आता पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला 'शुगर-फ्री' लिहिलेलं असतं, पण कामाचं सगळं मागे असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात, म्हणून जे आधी लिहिलंय ते जास्त.

साखर, ग्लुकोज सिरप किंवा मध दिसला तर तो गम परत ठेवा. लाळ वाढेल, पण त्याच वेळी जीवाणूंना खाऊही मिळत राहील.

बऱ्याच शुगर-फ्री गममध्ये आधी सॉर्बिटॉल असतं, घटकांच्या यादीत नंबर ४२०. जीवाणू सॉर्बिटॉल खाऊ शकतात, पण इतक्या सावकाश की थराचा पीएच सहसा ५.५ च्या खाली जात नाही. माल्टिटॉल, ९६५, आणि आयसोमाल्ट, ९५३, यांचंही साधारण असंच. ज्याची लाळ ठीक आहे त्याला हे पुरतं, कारण खरं काम चावणं करतंय. गोडव्यानं मध्ये पाय घातला नाही म्हणजे झालं. ॲस्पार्टेम, सुक्रालोज, ॲसेसल्फेम ही नावं शेवटी येतात. ती चिमूटभर असतात, त्यांच्यापासून आम्ल होत नाही, आणि दातांना त्यांचा वेगळा फायदाही नाही.

वेगळं आहे ते झायलिटॉल, नंबर ९६७. कीड लावणारा मुख्य जीवाणू ते फळातली साखर समजून आत ओढतो, त्यावर फॉस्फेट चढवतो, आणि तिथेच अडतो. पुढे पचवता येत नाही, म्हणून शक्ती खर्चून बाहेर फेकतो. बाजारातून ओझं उचलून घरी आणायचं आणि पिशवीत दगड निघायचे, तसं. १९७० च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात यावर दोन वर्षांचा आहाराचा प्रयोग झाला आणि तिथून झायलिटॉलचं नाव झालं.

नाव झालं तेवढा पुरावा मात्र भक्कम नाही. २०१५ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात झायलिटॉलच्या गमबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही. आणि मात्रेचा प्रश्न उरतोच. दिवसाला पाच-सहा ग्रॅम, तीन वेळांत वाटून, हे प्रमाण सांगितलं जातं. हिशोब करून पाहा. एक गोळी १.४ ग्रॅमची, त्यात झायलिटॉल ३० टक्के, म्हणजे ०.४२ ग्रॅम. दोन गोळ्या तीनदा खाल्ल्या तरी अडीच ग्रॅमच होतात. तेव्हा पाकिटावर ठळक अक्षरात 'झायलिटॉलयुक्त' दिसलं म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. टक्केवारी छापलेली नसेल तर क्रम पाहा. सॉर्बिटॉलच्या मागे झायलिटॉल असेल तर तो सॉर्बिटॉलचाच गम समजा.

फळांच्या चवीच्या गममध्ये ३३० किंवा २९६ दिसतं का, तेही पाहा. ही सायट्रिक आणि मॅलिक आम्लं. आम्ल मारायला घेतलेल्या वस्तूत पुन्हा आम्ल नको, पुदिन्याचा बरा. संत्र्याच्या दिवसांत दोन-चार संत्री सोलून खाल्ल्यावर लगेच ब्रश फिरवण्यापेक्षाही हाच पुदिन्याचा गम चांगला. मऊ पडलेलं इनॅमल ब्रशनं घासलं जातं.

दोन दातांच्या फटीत अडकलेला सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, गमनं निघत नाही. तिथे दोराच लागतो. किडून दातात पडलेला खड्डाही गमनं भरत नाही.

पोट बिघडलं, गुडगुड झाली, तर गमच्या गोळ्या मोजा. सॉर्बिटॉल, झायलिटॉल आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि जुलाब होतात. ॲस्पार्टेम असेल तर फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी तो गम घेऊ नये, पाकिटावरही तसं छापलेलं असतं. लहान मुलं गम गिळतात आणि तो घशात अडकू शकतो, त्यांच्या हातात तो देऊ नका.

(दृश्य: नऊ पस्तीस. चावलेला गम कागदात गुंडाळला जातो.)

वीस मिनिटं झाली की गम कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. घरी कुत्रा असेल तर पाकीट आणि कचऱ्याचा डबा दोन्ही उंच ठेवा. माणसाला चालणारं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं खाली आणतं आणि यकृतावरही जातं. त्यानं दोन-चार गोळ्या जरी गिळल्या तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या, आणि जाताना पाकीट सोबत घ्या.